घरात एकट्या मुलालाच खाजरे फोड का येतात? खरूज, इसब आणि चावण्याची अ‍ॅलर्जी

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या पायांवर, हातांवर आणि कंबरेभोवती लाल, खूप खाजणारे फोड येतात. आठ-दहा दिवसांत बसतात, काळा डाग राहतो, मग पुन्हा नवे येतात. एका डॉक्टरांनी खरूज सांगून दोनदा अंगभर मलम लावायला सांगितले. दुसऱ्यांनी इसब म्हटले. घरात डास फारसे नाहीत, आणि आम्हा दोघांना किंवा आजी-आजोबांना काहीच होत नाही. हे नक्की काय आहे आणि कधी थांबणार?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. घरातल्या मोठ्यांना काहीच होत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या दवाखान्यात मी पहिल्यांदा तेच विचारते. मूल समोर नसताना निदान करणं धोक्याचं असतं, म्हणून 'नक्की' हा शब्द मी वापरणार नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन पॅप्युलर अर्टिकेरिया या त्रासाशी जुळतं. याला मराठीत रुळलेलं नाव नाही. मी पालकांना 'चावण्याची अ‍ॅलर्जी' म्हणून सांगते. डास, पिसू, ढेकूण किंवा पक्ष्यांच्या अंगावरचे बारीक कीटक चावल्यावर त्यांची लाळ त्वचेत जाते, आणि काही मुलांचं शरीर त्या लाळेवर अवाजवी चिडतं. विष नाही, रक्तातला दोष नाही, पोटातली उष्णताही नाही.

इथे बहुतेक आया मला थांबवतात. "पण डॉक्टर, डास आम्हालाही चावतात की!" बरोबर आहे, चावतात. फरक चावण्यात नाही, शरीराच्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर वयाबरोबर बदलत जातं. केनेथ मेलनबी नावाच्या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये डासांच्या चाव्यांवरची माणसाची प्रतिक्रिया टप्प्याटप्प्याने मांडली. अगदी पहिल्या चाव्यांना शरीर काहीच दाद देत नाही, कारण लाळेची ओळखच नसते. मग ओळख होते आणि चावल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कडक, खाजरा फोड येतो. त्यापुढच्या टप्प्यात चावल्याबरोबर गांधी उठते आणि नंतर फोडही येतो. पुढे फोड येणं थांबतं, नुसती पंधरा-वीस मिनिटांची गांधी उरते. आणि वर्षानुवर्षं चावे खाल्ल्यावर शरीर त्या लाळेला सरावतं, मग काहीच होत नाही.

तुम्ही आणि आजी-आजोबा या प्रवासाच्या शेवटाला आहात, तुमचा मुलगा मध्यावर आहे. एकाच खोलीत, एकाच डासाने पाचही जणांना चावलं तरी फोड एकाच्याच अंगावर दिसतील. हा त्रास साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांत दिसतो तो म्हणूनच. तान्ह्या बाळात तो क्वचित असतो, कारण ओळख व्हायलाच वेळ लागतो. मोठं भावंड असेल तर पालक हमखास सांगतात, "हिलाही लहानपणी असंच व्हायचं, मग आपोआप गेलं." ते आपोआप म्हणजे हेच सरावणं.

दुसरी एक गोष्ट पालकांना चकवते. जुना फोड बसत आलेला असतो, आणि दुसरीकडे कुठेतरी एक नवा चावा झाला की जुन्या जागाही पुन्हा लाल होऊन खाजायला लागतात. त्वचेने आधीच्या चाव्याची आठवण ठेवलेली असते. त्यामुळे सकाळी तुम्ही वीस फोड मोजता आणि म्हणता, "एका रात्रीत वीस डास? शक्यच नाही." बरोबर, शक्य नाही. खरे नवे चावे दोन किंवा तीनच असतील. 'घरात डास फारसे नाहीत' आणि 'फोड मात्र भरपूर आहेत' ही दोन्ही वाक्यं म्हणूनच एका वेळी खरी असू शकतात.

आता मी काय बघते ते सांगते. तुम्हालाही घरी दिसेल, फक्त उजेड चांगला हवा. एक ताजा फोड निवडा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून मोठा करून बघा. मध्यभागी सुईच्या टोकाएवढा एक ठिपका दिसतो का? तीच चाव्याची जागा. खाजवून साल निघाली असेल तर ठिपका हरवतो, म्हणून ताजाच फोड घ्यायचा. फोड बोटाला कडक लागतो, मुगाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. काही मुलांत, विशेषतः पायावर, त्यावर पाण्याचा टपोरा फुगा येतो आणि पालक घाबरून कांजिण्या समजतात. फोड एकटे नसतात, तीन-चारचा घोळका किंवा जवळजवळ सरळ ओळ असते. आणि एकाच पायावर सगळ्या वयाचे फोड सापडतात : एक कालचा लाल, एक खपली धरलेला, एक नुसता तपकिरी डाग.

मग मी बघते, फोड कुठे नाहीत. काखेत नाहीत, जांघेत नाहीत, लिंगावर किंवा ढुंगणावर चड्डीखाली नाहीत. बहुतेक हातापायांच्या बाहेरच्या बाजूला, पोटऱ्यांवर, मनगटाच्या वर, आणि कंबरेच्या इलॅस्टिकच्या कडेला, जिथे कपडा संपतो. कपड्याखालची जागा स्वच्छ आणि उघडी जागा भरलेली, असं चित्र दिसलं की मला कीटकाचा संशय येतो. अंगातूनच उठणाऱ्या पुरळाला कपड्याची कड कळत नाही.

पित्त आणि हा त्रास यातला गोंधळ मिटवायला मी एक साधी गोष्ट करायला सांगते. संध्याकाळी दोन-तीन लाल फोडांभोवती बॉलपेनने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पित्ताची गांधी चोवीस तासांत त्या गोलातून निघून गेलेली असते, कदाचित शेजारी नवी उठलेली. चाव्याचा फोड मात्र गोलाच्या आत तसाच बसलेला असतो. तुमच्याकडे तो आठ-दहा दिवस टिकतो असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पित्त मी बाजूला ठेवते.

खरजेबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या मुलाला तिचे दोन कोर्स देऊन झालेत. खरूज हा किडीचा रोग आहे. ती कीड चावून निघून जात नाही, त्वचेत बीळ करून राहते आणि अंडी घालते. योगायोग असा की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफिल्डमध्ये खरजेवर स्वयंसेवकांना घेऊन प्रयोग करणारेही तेच मेलनबी. त्यांना दिसलं की सर्वसाधारण रुग्णाच्या अंगावर सरासरी ११ च्या आसपास प्रौढ माद्या असतात, आणि पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुरू व्हायला महिनाभर लागतो. हा महिना लक्षात ठेवा. 'घरात दुसऱ्या कोणाला नाही' हा पुरावा पहिल्या चार-सहा आठवड्यांत कच्चा असतो, कारण बाकीच्यांना लागण झालेली असूनही अजून खाज आलेली नसते. मूल एका आठवड्यापासून खाजवतंय आणि घरचे ठीक आहेत, एवढ्यावर मी खरूज नाकारत नाही. पण तुमच्याकडे पावसाळ्यापासून चाललंय, मूल आजी-आजोबांच्या कुशीत झोपत असणार, आणि इतक्या महिन्यांत एकालाही खाज नाही. खरूज इतकी समजूतदार नसते.

तिच्या जागाही वेगळ्या. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखेचा पुढचा भाग, बेंबीभोवती, ढुंगण, आणि मुलग्यांत लिंग व अंडकोषाची त्वचा. म्हणजे चावण्याच्या अ‍ॅलर्जीत ज्या जागा मोकळ्या राहतात, नेमक्या त्याच. मुलाच्या लिंगावर किंवा अंडकोषावर खाजऱ्या गाठी असतील तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी खरूज धरून चालते. लहान बाळांत तळहात, तळपाय आणि कधी डोकंही धरतं. खाज रात्री पांघरुणात शिरलं की भडकते. बोटांच्या बेचकीत नीट पाहिलं तर चार-पाच मिलिमीटरची राखाडी, नागमोडी रेघ दिसते, तेच बीळ. आमच्याकडे डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं उपकरण असतं, त्याखाली त्या रेघेच्या टोकाला एक काळपट त्रिकोण दिसतो. तो दिसला की वाद संपला.

मलमाविषयी. परमेथ्रिन ५ टक्के हे चांगलं औषध आहे, पण ते लावण्याची रीत चुकली की त्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, सगळीकडे लावायचं. फक्त फोडांवर नाही. आठ ते बारा तास ठेवायचं, रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा. बाळ दोन वर्षांखालचं असेल तर डॉक्टर चेहरा-डोक्यालाही लावायला सांगतात, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला हे लावतच नाहीत. आठवता आठवता तपासा : तुम्ही दोघांनी आणि आजी-आजोबांनी लावलं होतं का? लावलं असेल आणि तरीही नवे फोड येत राहिले, तर निदानावर शंका घ्यायला जागा आहे. लावलं नसेल, तर खरूज पूर्ण बाद करण्याआधी डॉक्टरांकडून बेचक्या आणि चड्डीखालची जागा एकदा नीट तपासून घ्या.

उलट बाजूची चूकही सांगून ठेवते, कारण ती मी दर महिन्याला बघते. खरूज खरोखर होती, औषध नीट लावलं, कीड मेली, पण खाज दोन ते चार आठवडे राहिली. मेलेल्या किडीचे अवशेष त्वचेत असतात, त्यांची ती अ‍ॅलर्जी. पालक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा परमेथ्रिन लावतात, त्वचा कोरडी पडून सोलते, आणि मग खाज औषधाचीच असते. मग कोणी तरी 'इसब' म्हणतं आणि गोंधळाचं वर्तुळ पूर्ण होतं.

इसबाबद्दल थोडक्यात. लहान मुलांचं इसब बहुधा पहिल्या वर्षातच गालांवर सुरू होतं, नंतर कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीत उतरतं. त्यात सुटे, कडक फोड नसतात. कडा नसलेले, खरखरीत, लालसर चट्टे असतात. बाकीची त्वचाही कोरडी असते, हिवाळ्यात वाढते, आणि घरात कुणाला दमा किंवा सारखी शिंकण्याची सवय असते. मध्यभागी ठिपका असलेला, तीनच्या घोळक्यात येणारा फोड इसबात बसत नाही. फक्त एक अडचण : इसब असलेल्या मुलालाही डास चावतातच. मग दोन्ही एकत्र असतात आणि इसब म्हणणारे डॉक्टर अर्धे बरोबर ठरतात.

आता एक प्रसंग सांगते, त्यातून शोध कसा घ्यायचा ते कळेल. पाच वर्षांचा मुलगा, जुन्या बैठ्या घरात राहणारा. आई एक पिशवीभर औषधं घेऊन आली होती. परमेथ्रिन तीनदा लावून झालं होतं. जंताचं औषध दोनदा दिलं होतं. वांगी, अंडी, शेंगदाणे आणि दही बंद होतं, पोर चिडचिडं झालं होतं आणि वजन जिथल्या तिथे होतं. शिवाय बुरशी, जंतू आणि सूज या तिन्हींवर एकच असलेलं एक मलम दोन महिने रोज चोपडलं होतं. त्यातल्या तीव्र स्टेरॉइडमुळे पोटरीची त्वचा सिगारेटच्या कागदासारखी पातळ झाली होती.

फोड सगळे गुडघ्याच्या खाली होते. घोट्याभोवती तर मोज्याच्या कडेने माळ घातल्यासारखे. दंडांवर दोन-चार, पोटावर एकही नाही. मी विचारलं, "घराबाहेर कुठे गेला होता का अलीकडे?" आई म्हणाली, मे महिन्यात पंधरा दिवस आजोळी होता. "तिथे कसा होता?" ती थबकली. तिथे एकही नवा फोड आला नव्हता. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी घोटे भरले. आजोळी त्याने अंडी खाल्ली होती, शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती, कारण आजीने पथ्य पाळलं नव्हतं. पथ्याचा प्रश्न तिथेच निकाली निघाला. त्रास खाण्यात नव्हता, घरात होता.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत म्हटलं की माझ्या डोक्यात पिसू येते. पिसू उडत नाही, उडी मारते, आणि ती उडी जेमतेम वीतभर उंच जाते. जमिनीवरून निघाली तर मुलाच्या पोटरीवरच पोचणार. मी मांजर-कुत्र्याबद्दल विचारलं. "आमच्याकडे काही पाळलेलं नाही." मग वडिलांना आठवलं : जिन्याखाली पोत्यांवर एका भटक्या मांजरीने पिल्लं घातली होती, पण ती दोन महिन्यांपूर्वीच निघून गेली. मेख तिथेच होती. मांजर गेली तरी पिसवांचे कोष धुळीत राहतात. आत तयार झालेली पिसू महिनोन् महिने थांबू शकते आणि जवळ पावलांची थरथर, ऊब जाणवली की बाहेर पडते. तिचा यजमान गेला होता आणि मुलगा रोज त्या जिन्याखाली गाड्या खेळत होता.

मी वडिलांना एक काम दिलं. पांढरे, लांब मोजे गुडघ्यापर्यंत ओढून जिन्याखाली दहा मिनिटं चालायचं आणि उजेडात येऊन मोजे बघायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला : पांढऱ्या मोज्यावर तिळापेक्षा लहान, गडद तपकिरी तीन ठिपके. पोती जाळली, जिन्याखालची माती खरवडून काढली, फरशीच्या फटी व्हॅक्यूमने ओढून पिशवी लगेच बांधून टाकली, चटया-गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकल्या. पेस्ट कंट्रोल दोनदा, पंधरा दिवसांच्या अंतराने, कारण कोषातल्या पिसवांवर औषध चालत नाही, त्या बाहेर आल्यावरच मरतात. मुलाला त्या दिवशी मावशीकडे ठेवलं. पाचव्या आठवड्यानंतर नवा फोड नाही. पुढच्या पावसाळ्यात डासांमुळे थोडे आले, पण पहिल्याच्या मानाने किरकोळ. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड वाटेल.

तुमच्या मुलाला हात, पाय आणि कंबर अशा तिन्ही जागी येतात, तेव्हा तुमचा गुन्हेगार कदाचित वेगळा आहे. सकाळी उठल्यावर नवे फोड, आणि हातावर किंवा कंबरेवर तीन-चारच्या ओळी, असं असेल तर ढेकूण शोधा. नवा सोफा किंवा जुनं फर्निचर घेतलं का, रेल्वेच्या लांबच्या प्रवासाहून आलात का, पाहुण्यांच्या बॅगा गादीवर ठेवल्या होत्या का, हे आठवा. रात्री टॉर्च घेऊन गादीची शिवण, पलंगाचे सांधे, डोक्याकडची फळी बघा. ढेकूण नाही दिसला तरी शाईचा थेंब पसरल्यासारखे काळे ठिपके दिसतात, ती त्याची विष्ठा. संध्याकाळी खेळून आल्यावर उघड्या हातापायांवर आले असतील तर डास. आणि फ्लॅटच्या खिडकीत किंवा एसीच्या मागे कबुतराचं घरटं असेल तर तेही तपासा. पिल्लं उडून गेली की त्यांच्या अंगावरचे बारीक कीटक खाद्याच्या शोधात आत येतात. मी एक वही ठेवायला सांगते : तारीख, नवे फोड किती, कुठे, मूल आदल्या दिवशी कुठे होतं. पंधरा दिवसांची वही बऱ्याचदा रक्ततपासणीपेक्षा जास्त बोलते. तसंही या त्रासाला अ‍ॅलर्जीच्या रक्तचाचण्यांची गरज नसते. आणि हेही मान्य करते की खूप शोधूनही कीटक कधी कधी सापडत नाही. तेव्हा फोडांचं औषध आणि चाव्यांपासून बचाव, एवढंच हातात उरतं, आणि तेही बऱ्यापैकी चालतं.

औषधं साधी आहेत. फोड ताजा असतानाच, डॉक्टरांनी दिलेलं मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम फक्त फोडावर, दिवसातून एकदा-दोनदा, पाच ते सात दिवस. स्टेरॉइड या शब्दाने घाबरून अर्धवट लावू नका, आणि आराम पडतो म्हणून महिनोन् महिने अंगभरही लावू नका. मी प्रसंगात सांगितलेलं 'सगळ्यावर एक' मलम औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणू नका. खाजेसाठी सेटिरिझिनसारखं कमी गुंगी आणणारं औषध रात्री देता येतं, डोस वयावर आणि वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. फ्रीजमधल्या पाण्यात बुडवून पिळलेला कपडा पाच मिनिटं ठेवला की खाजेची धार बोथट होते. कॅलॅमाइन लावायला हरकत नाही. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळीनं नुकसान नाही, फक्त त्यानंतर खोबरेल लावा, कारण त्वचा कोरडी पडते. नखं आठवड्यातून दोनदा कापा.

बचावासाठी पूर्ण बाह्यांचे, सैल, फिक्या रंगाचे कपडे, आणि झोपताना चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. डीट किंवा इकॅरिडिन असलेली क्रीम या वयात चालतात. उघड्या त्वचेवर लावा, कपड्याच्या आत नाही, मुलाच्या तळहातांना नाही, कारण ते तोंडात जातात. घरी आल्यावर धुवून टाका. लेमन युकॅलिप्टस तेल असलेली उत्पादनं तीन वर्षांखाली टाळतात, तुमच्या मुलाचं वय त्यापुढे आहे. आणि कृपा करून ढेकणांसाठी शेतीचं औषध गादीवर फवारू नका. मूल त्या गादीवर आठ-दहा तास नाक खुपसून झोपतं. विषबाधा फोडांपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

दोन-तीन गोष्टी दिसल्या तर माझ्या उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. फोडावर मधासारखी पिवळी खपली, पू, भोवती गरम लाली किंवा ताप असेल तर खाजवून जंतुसंसर्ग झालाय, त्याला प्रतिजैविक लागतं. असा संसर्ग होऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी सकाळी डोळ्यांखाली सूज आली किंवा लघवी चहासारखी तांबूस झाली, तर त्याच दिवशी दाखवा, कारण मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. फोड दाबल्यावर फिकट न होणारे जांभळे डाग असतील, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला रात्री खाज सुरू झाली, तर निदान नव्याने करायला हवं.

कधी थांबणार, याचं प्रामाणिक उत्तर हे की तारीख सांगता येत नाही. चावे किती आणि कोणत्या कीटकाचे, यावर ते अवलंबून आहे. चावे बंद झाले तर काही आठवड्यांत. बंद करता आले नाहीत तर शरीर सरावेपर्यंत, म्हणजे काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत, दर पावसाळ्यात थोडं थोडं कमी होत. काळे डाग सहा महिने ते वर्षभर राहतात आणि फिकट होत जातात. त्यांना लिंबू, बेसन किंवा गोरं करणारी क्रीम घासू नका, नव्या खाजेला आमंत्रण होतं.

बालवाडीतून 'सर्वांना लागेल' म्हणून घरी बसवलं असेल तर डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागून घ्या. मी एवढंच लिहून देते : "त्वचेवरील फोड कीटकदंशामुळे आहेत. संसर्गजन्य नाहीत. मूल वर्गात बसू शकते, खेळू शकते." त्याखाली शिक्का मारते, कारण बालवाडीच्या बाई अक्षरापेक्षा शिक्क्यावर जास्त विश्वास ठेवतात.